शुभेच्छुक, मु. पो. कौंडण्यपूर

आमच्या वऱ्हाडात माणूस जन्माला येतो, शाळेत जातो, सोसायटीच्या निवडणुकीत पडतो, आणि या सगळ्या काळात कुठल्या ना कुठल्या फ्लेक्सच्या तळाशी त्याचा गॉगल घातलेला फोटो लागलेला असतो. वर पुढाऱ्याचा वाढदिवस, मधे वाघ, आणि खाली दाटीवाटीनं उभे हे लोक. फोटोखाली हुद्दा एकच : शुभेच्छुक. या हुद्द्याला पगार नाही, निवृत्तीचं वय नाही आणि अंगठा उठवण्यापलीकडं काम नाही. त्यामुळं गावात बेकारी कितीही असली तरी या जागा कायम भरलेल्या असतात.

मी सांगतोय तो शुभेच्छुक कौंडण्यपूरचा. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर तो हे पान लॅमिनेट करून दुकानात लावील. लॅमिनेशनचं मशीन त्याचंच आहे. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक टपरीवजा दुकान, त्यावर पाटी : ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा. मालकाचं शिक्षण नदीपलीकडं आर्वीला चालू आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ते बऱ्याच वर्षांपासून दुसऱ्याच वर्षाला चालू आहे. पण गावातलं जे पोरगं पहिल्या वर्षाला कुठंही जातं ते याच्या दुकानातून जातं. सीईटीचा फॉर्म, कॅप राउंडचे कॉलेजांचे पर्याय, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जात पडताळणीची पावती, गॅप पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. कुठल्या कागदाची मुदत किती, कशावर गोल शिक्का लागतो आणि कशावर चौकोनी चालतो, तिवस्याच्या तहसीलमध्ये कुठल्या वारी गेलं तर साहेब खुर्चीवर सापडतात, हे सगळं त्याच्या तोंडावर. दुसऱ्याला घराबाहेर काढण्याच्या कामात एवढा तयार माणूस आसपासच्या गावांत नाही.

आणि हाच माणूस, ज्याला त्यानं घराबाहेर काढलं त्याला पहिल्या दिवसाचा मेसेज लिहायला बसला की अंगात आल्यासारखा करतो. कागदाचा माणूस नाहीसा होतो आणि भरारी, क्षितिज, गरुड, यशोशिखर असले शब्द मोबाईलवर बरसू लागतात. गरुड तर ठरलेलाच. नदीकाठी बगळे आणि टिटव्या एवढ्या, पण मेसेजमध्ये त्यांना कधी शिरकाव नाही.

त्याचं म्हणणं असं की, हा मान गावाचाच आहे. एकदा मला म्हणाला, "सर, जगातला पयला मेसेज कुठून गेला? आपल्या इथून. रुक्मिणीनं धाडला. द्वारकेले. मंग आपुन लिहाचं नाई त कोनं लिहाचं?"

यात तथ्य नाही असं म्हणवत नाही. कौंडण्यपूर ही भीमक राजाची राजधानी, रुक्मिणीचं माहेर. भागवताच्या दहाव्या स्कंधात तिचं कृष्णाला धाडलेलं पत्र आहे आणि ते एका ब्राह्मणाच्या हाती गेलं. गावातली माणसं आणखी नावं जोडतात : दमयंती इथली, अजराजाची इंदुमती इथली, अगस्त्यांची लोपामुद्रा इथली. म्हणजे या गावाचा मूळ धंदाच मुळी माणसं बाहेरगावी पाठवण्याचा. कोणी द्वारकेला, कोणी निषधाला, कोणी अयोध्येला, आणि आता पोट्टे पुण्याला. रुक्मिणी तर अजूनही दरवर्षी जाते. आषाढीच्या वारीतल्या जुन्यात जुन्या पालख्यांत तिच्या पालखीची गणती होते, आणि इथून पंढरपूरपर्यंत ती महिनाभराहून जास्त पायी चालते. तिला निरोप द्यायला सगळं गाव वेशीपर्यंत येतं. तिला मात्र शुभेच्छुक मेसेज करत नाही, कारण तिच्याकडं फोन नाही.

तर त्या वर्षी शुभेच्छुकाच्या जिवलग दोस्ताला पुण्यात इंजिनिअरिंगला जागा मिळाली. कॉलेजचं वसतिगृहही मिळालं. दोस्ताच्या बापाकडं थोडी कोरडवाहू, कपाशी आणि तूर. पोरगं अमरावतीच्या पलीकडं कधी एकटं गेलेलं नाही. शुभेच्छुकानं कागदांच्या दोन फायली केल्या, एक मूळ कागदांची आणि एक झेरॉक्सची, प्रत्येक कागदाच्या तीन तीन प्रती, वर अनुक्रमणिका. ती फाईल मी पाहिली आहे. आमच्या शाळेच्या तपासणीलासुद्धा एवढी नीट फाईल आम्ही कधी दाखवली नव्हती.

मग आला तो दिवस. संध्याकाळी अमरावतीहून ट्रॅव्हल्स, सोबत बाप. शुभेच्छुक निरोप द्यायला अमरावतीपर्यंत गेला, गाडी हलल्यावर खिडकीखालून थोडा पळालाही, आणि रात्री परत येऊन मेसेज लिहायला बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला शुद्धलेखन तपासायला दाखवला. दाखवला म्हणजे पाठवून झाल्यावर. सत्तावीस ओळींचा मजकूर होता. सुरुवातीला गुलाबाची तीन फुलं, मग "आज तुझ्या आयुष्यातील एका नव्या सुवर्णपर्वाचा शुभारंभ", मग गरुड, मग डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावावर खपवलेलं एक वाक्य, मग "संघर्षाच्या वाटेवर काटे असतील पण", मग पुन्हा गुलाब, आणि शेवटी "शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार, कौंडण्यपूर". मित्रपरिवार त्या वेळी दुकानात एकटाच होता. सोबत दोघांचा फोटो, त्यात दोस्ताचं डोकं अर्धं कापलेलं आणि याचं पूर्ण. हाच फोटो स्टेटसलाही.

मेसेज गेला पहाटे पाच वाजता. शुभ काम ब्राह्ममुहूर्तावर करावं असा त्याचा हिशोब. त्या वेळी ट्रॅव्हल्स नगर आणि शिरूरच्या मधे कुठंतरी होती. दोस्त वरच्या बर्थवर फायलींची पिशवी उशाशी घेऊन जेमतेम झोपी गेला होता, मेसेजच्या आवाजानं दचकून उठला, त्याला वाटलं पुणं आलं, आणि त्यानं बापालाही उठवलं. पुणं त्यानंतर बराच वेळ आलं नाही. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये तर बाप म्हणाला म्हणतात, "एवढ्या वेळात आपली पालखी पुढं गेली असती."

उत्तर आलं दुपारी. एक अंगठा. शुभेच्छुकाला तो अंगठा जिव्हारी लागला.

"सत्तावीस ओळी लिहिल्या सर, अन् यानं अंगठा देला. आमच्या बाप्पासारखा. माह्या बाप्पाले लिहिता येत नाई म्हनून देत होता, याले काय झालं?"

याला काय झालं होतं ते पुढं दिवाळीत त्या पोरानंच सांगितलं, आणि ते वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही पाठ असेल. पहिल्या दिवशी आधी गेटवर रजिस्टर. मग रेक्टरच्या ऑफिसपुढं रांग. तिथं अलॉटमेंटचं पत्र, फीची पावती, फोटो, पालकाची सही. मग रॅगिंग करणार नाही असं शपथपत्र, एक विद्यार्थ्याचं आणि एक पालकाचं. ते देणं आता सक्तीचं आहे, कारण महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 सालचा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम 2009 सालचे. मग मेसचं डिपॉझिट वेगळ्या खिडकीवर. ती खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद. मग खोलीची किल्ली. खोली तिघांची, त्यात दोघं आधीच आलेले, म्हणजे खिडकीजवळची खाट गेली, पंख्याखालची गेली, उरली दाराजवळची. प्लगचं बोर्ड एकच, तेही खिडकीजवळच्या खाटेपाशी. कपाट आहे, कुलूप नाही. खाट आहे, गादी नाही. गादी, बादली, मग, कपडे वाळत घालायची दोरी हे सगळं गेटसमोरच्या दुकानात मिळतं, आणि तिथला दुकानदार वर्षातले हे चार दिवस नवरदेवाच्या बापासारखा वागतो.

या सगळ्यात गरुड कुठं बसवायचा?

दिवसभर मात्र माणसाला दुःख होत नाही, कारण रांगेत उभं राहून दुःख करायला जमत नाही. ते येतं संध्याकाळी. बापाची परतीची गाडी असते. बाप खोलीतल्या खाटेवर दोन मिनिटं बसतो, पंखा वर पाहतो, "चांगलं आहे" म्हणतो, खिशातून दुमडलेली पाचशेची नोट काढून "ठेव" म्हणतो आणि चपला घालतो. बाप गेला की रात्रीच्या मेसपर्यंतचा जो दीड-दोन तासांचा वेळ असतो तो वसतिगृहातला सगळ्यांत वाईट वेळ. खोलीतले दोघं आपापल्या घरी फोनवर, आणि आपण नव्या बादलीकडं पाहत बसलेलो. पहाटे पाचचा मेसेज त्या वेळेपर्यंत इतर कितीतरी "हार्दिक अभिनंदन"खाली बुडालेला असतो. म्हणजे आमच्या शुभेच्छुकाची वेळ चुकली होती बारा-चौदा तासांनी.

हा प्रकार नवा नाही. शुभेच्छुक पोस्टकार्डाच्या काळातही होते. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांचं श्रद्धानंद छात्रालय होतं, सगळ्या जातींच्या खेड्यातल्या पोरांसाठी, आणि तिथं राहून शिकलेल्यांच्या घरी जुन्या ट्रंकांत ती कार्डं अजून सापडतात. पोस्टकार्डाचा फायदा असा की ते संपतं. अर्ध्यात पत्ता, उरलेल्यात मजकूर, आणि शेवटची ओळ कडेनं उभी. त्यामुळं लिहिणारा "उत्तुंग"पर्यंत पोचेस्तोवर जागाच उरत नसे. मी वाचलेल्या एका कार्डात एवढंच होतं : गाय व्याली, कालवड झाली, तुझी सायकल मी चालवतो, पंक्चर मी काढीन, तू अभ्यास कर. मोबाईलनं कागदाची कड काढून टाकली आणि शुभेच्छुकाला मोकाट रान मिळालं.

त्या अंगठ्यानंतर शुभेच्छुक माझ्याकडं येऊन बसला. त्याला वाटत होतं मेसेज कमी पडला, अजून दहा ओळी आणि एक व्हिडिओ जोडावा. मी त्याला म्हटलं, "तू रुक्मिणीचं नाव घेतोस, तिचं पत्र वाचलंस का?"

"हव. म्हंजे, कीर्तनात आयकलं."

"किती ओळींचं आहे?"

"असंन शंभर-दोनशे. राजाची पोरगी होती ते."

सात श्लोक आहेत. कृष्णाला पाहिलेलं नाही, घरच्यांनी लग्न शिशुपालाशी ठरवलंय, मांडव पडलाय, आणि एवढ्या भानगडीत बाईनं पत्र सात श्लोकांत आवरलं आहे. आम्ही त्या सातांची फोड करत बसलो. आधीच्या श्लोकांत तुझे गुण ऐकले, तुलाच वरलं, माझं काही पुण्य असेल तर ये, हे आहे. शुभेच्छुक खूश झाला, म्हणाला, "पाहा, आहे ना गरुड!" मी म्हटलं, पुढं चल. पुढं ती म्हणते, लग्न उद्यावर आलं आहे, गुपचूप ये, पण सेना घेऊन ये. त्याच्या पुढं तर ती त्याच्या मनातली शंकाच ओळखते : अंतःपुरातून तुला कसं न्यायचं, नातेवाईक मारावे लागतील, असं वाटत असेल तर ऐक, लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडं कुलदेवीची मोठी यात्रा असते आणि नवरीला नगराबाहेर देवीच्या दर्शनाला नेतात. तिथं ये. आणि शेवटच्या श्लोकात एक सणसणीत धमकी.

"म्हंजे तिनं लोकेशन धाडलं," शुभेच्छुक म्हणाला.

"लोकेशन, वार, वेळ, आणि कुठल्या दारानं येऊ नकोस तेही."

तो जरा गप्प झाला. ती देवी म्हणजे आमच्या गावची अंबिका. रोज दुकान उघडण्याआधी तो तिथं हात जोडतो. पण या देवळाचा पत्ता आधी प्रेमपत्रात गेला आणि मग पुराणात, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, की पत्र मिळाल्यावर कृष्ण आनर्त देशातून विदर्भात एका रात्रीत पोचला असं भागवत म्हणतं. रथाला चार घोडे, शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक, हाकायला दारुक. शुभेच्छुकाचे डोळे चमकले. "एका रात्रीत? म्हंजे पुन्याच्या ट्रॅव्हल्सइतकंच. अन् मधात जेवाले थांबला नसंन त्याचा ड्रायवर." या निरीक्षणाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. एकनाथांनी 1571 साली काशीत बसून रुक्मिणीस्वयंवर रचलं, त्यात त्यांनी किती रस ओतला आहे. पण मेहकरच्या ढाब्याचा विचार आमच्या गावच्या माणसालाच सुचायचा.

"मग सर, मी काय लिहू?"

"तुला काय माहीत आहे ते लिही."

"मले फक्त फॉर्मचं माहीत आहे."

"तेच."

त्याला ते अपमानास्पद वाटलं. दोस्ताला पहिल्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल लिहायचं म्हणजे लग्नात वीजबिल दाखवल्यासारखं. पण मी त्याच्या हातात फोन दिला, "तो समोर बसला आहे असं समज," म्हटलं, आणि चहा करायला उठलो. हा माणूस बोलताना एकदम वेगळा असतो. लिहिताना पुस्तकी मराठीच्या टाय-कोटात शिरतो, आणि कॉलर त्याला सगळीकडून आवळते. त्या दिवशी त्यानं कोट काढला. सूर्य मावळायच्या बेतात असताना मेसेज गेला. तो मी त्याच्या परवानगीनं जसाच्या तसा देतो. शुद्धलेखन तपासलेलं नाही.

"पोचला का बे. हे वाचून पुन्हा अंगठा देजो नको, खाली सांगतो तसं करजो.

पयले कुलूप. कपाट त्याईचं, कुलूप आपलं. तुह्या बॅगेच्या बाजूच्या खिशात पितयेचं ठेवलं मी. चाब्या दोन हायेत. एक करदोट्यात घाल, दुसरी कोनालेच देजो नको, सापडली नाई त मले फोन करजो, मी सांगतो कुठी ठेवली असशील.

बादली आज घेजो नको. आजच्या दिवस रूमवाल्याची माग. बादली मागल्याशिवाय ओयख होत नाई.

प्लग एकच असंन. लंबा बोर्ड मी घातला बॅगेत, तयाशी, टॉवेलात गुंडायून. थो काढून खिडकीवाल्याच्या खाटेखालून लाव अन् तिघाईले वापरू दे. मंग पाय, दोन दिवसांत तूच रूमचा सरपंच.

वरनात गूय लागंन. घाबरजो नको, थे पक्वान्न नोय, वरनच हाये. मेसवाल्याले पयला प्रश्न इचार, रविवारी रातच्याले बंद असते का. पुन्यात बहुतेक असते. तुह्या मायनं ठेचा देला त्याची बरनी तवरोक उघडजो नको.

रातच्याले कोन्या शिनिअरनं बलावलं, नाचाले लावलं, त हासजो नको, रडजो बी नको. १८००-१८०-५५२२. हा नंबर तुह्या सहीच्या कागदावर होता, तुनं वाचला नसंन. मामा नावानं सेव कर. मामाले कधीबी फोन करता येते.

आन वसतिगृहात रायतो असा दाखला रेक्टरकडून या हप्त्यात घेजो. सही अन् शिक्का दोन्ही. शिक्का नसला त फॉर्म वापस येते.

इकडं पानी पडून रायलं. नदी पुलाच्या खालीच हाये. तुह्या कुत्र्यानं आज माह्या दुकानात मुक्काम टाकला, झेरॉक्सच्या मशीनखाली गरम लागते म्हने. त्याले काई म्हनलं नाई.

रविवारी साडेआठले फोन करतो. तू तवा उपाशी असशील."

शेवटी शुभेच्छुक वगैरे काही नव्हतं. नाव घालायचंच तो विसरला.

या मेसेजला अंगठा आला नाही. दहा मिनिटांनी उत्तर आलं : "पानी किती पडलं?" मग पुन्हा : "आपल्या वावराकडं पडलं का?" मग रात्री झोपायच्या वेळी तिसऱ्यांदा : "नदी वाढली का?" शुभेच्छुक वैतागला. म्हणाला, हा इंजिनिअर व्हाले गेला का हवामान खात्यात? मी त्याला म्हटलं, बाबा रे, वसतिगृहातलं पोरगं घरची आठवण येते असं कधी म्हणत नाही. ते पावसाचं विचारतं. एकदा विचारलं तर चौकशी, तीनदा विचारलं तर समजून घ्यावं. याउलट कोणी पहिल्याच दिवशी "मेस एकदम मस्त आहे" असं कळवलं तर त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं, कारण एवढं खोटं बोलायला माणूस फार दुखावलेला लागतो. शुभेच्छुकानं त्या रात्री पुलावर जाऊन पाण्याचा फोटो काढला आणि पाठवला. फोटोत काळोखाशिवाय काही नव्हतं. दोस्तानं त्यावर लिहिलं, "हव, कमी आहे."

रविवारी साडेआठला फोन झाला. मेस बंदच होती. खोलीतले दोघं, एक कोल्हापूरचा आणि एक नांदेडचा. वडापाव आणले होते आणि ठेच्याची बरणी उघडली होती. कोल्हापूरच्यानं आधी तांबड्या रश्शावर भाषण दिलं, आमच्याकडं याहून तिखट लेकरं खातात म्हणाला, आणि मग बोटभर ठेचा खाऊन उरलेल्या संभाषणात भाग घेतला नाही. नांदेडच्यानं मात्र मुकाट बरणी आपल्याकडं ओढली. फोनच्या या टोकाला शुभेच्छुक दुकानाच्या पायरीवर बसून स्पीकर लावून हे सगळं ऐकत होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "पाय, माह्या बोर्डावर चार्जिंग करून रायले तिघंबी."

तेव्हापासून त्याची रीत पालटली असं मात्र समजू नये. पुढच्याच आठवड्यात सरपंचाच्या पुतण्याला नागपूरला ॲडमिशन मिळाली तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, त्यावर गरुड होता, आणि शुभेच्छुकाचा फोटो पुतण्याच्या फोटोएवढाच होता. मी विचारलं तर म्हणाला, "सर, थो सरपंचाचा मेसेज होता. दोस्ताचा वेगळा." आता त्याच्या दुकानात दोन दर आहेत. फ्लेक्सचा मजकूर पैसे देऊन, आणि साधा मेसेज फुकट, पण त्यासाठी जाणारं पोरगं त्याच्या ओळखीचं असावं लागतं, त्याची बॅग त्यानं स्वतः भरलेली असावी लागते आणि त्याला पुण्याच्या गाडीपर्यंत सोडायला तो गेलेला असावा लागतो. त्यामुळं साधे मेसेज वर्षाकाठी फार निघत नाहीत.

दोस्त तिथं रुळला. सप्टेंबरात त्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले होते. पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे, नोंदणीकृत मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पोरांसाठी. फॉर्म महाडीबीटीवर भरायचा. त्याला वसतिगृहाचा दाखला लागतो, तो त्यानं शिक्क्यासकट घेऊन ठेवला होता. अडलं होतं अल्पभूधारकाच्या प्रमाणपत्राशी. ते तिवस्याहून आणायचं होतं, बाप शेतात गुंतलेला, आणि आधारशी जोडलेलं खातं भलत्याच बँकेचं निघालेलं.

शुभेच्छुकाच्या अंगात वारं शिरलं. त्यानं खुर्ची पुढं ओढली, फाईल उघडली, अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं. "सातबारा आहे. आठ-अ आहे. तुह्या बापाचं आधार आहे. मंगळवारी जातो मी तहसीलले, सोमवारी साहेब नसतात. तू बँकेत जाऊन खातं जोडून घे, पावती मले धाड, फोटो सरका काढजो, वाकडा नको." पलीकडून दोस्त काहीतरी म्हणाला, बहुधा आभाराचं असावं, कारण शुभेच्छुक एकदम चिडला.

"उत्तुंग भरारी मंग घेजो बे. आधी स्कॅनिंगचे चाळीस रुपये फोन-पे कर."